ट्रेकनंतरचा पहिला फ्लर्टी मेसेज: या चुका टाळा

पावसाळ्यातला राजगड घ्या. पुण्याहून पहाटे बस, गुंजवण्यात चहा-पोहे, गोल करून सगळ्यांची ओळख, त्यात कुणाचंच नाव लक्षात राहत नाही, आणि मग एकामागे एक चढाई. पायवाट अरुंद, धुकं, प्रत्येकाच्या अंगावर पोंचो, त्यामुळे जिच्याशी किंवा ज्याच्याशी बोलावंसं वाटत होतं त्या माणसाशी बोलणं झालं ते फक्त चोरदरवाज्याच्या खाली रांग थांबली तेव्हा, तेही "रेलिंग ओलं आहे, डावा पाय त्या खाचेत ठेव" एवढंच. परतीच्या बसमध्ये नसरापूर यायच्या आत अर्धी बस झोपलेली. आणि मग मंगळवार-बुधवारी हात फोनकडे जातो.

मी ट्रेक ग्रुपमध्ये लीडर म्हणून जाते, त्यामुळे या मेसेजच्या दोन्ही बाजू माझ्याकडे येतात. "ताई, काय लिहू?" विचारणारे पण येतात आणि "ताई, हा कोण आहे, आपल्या बसमध्ये होता का?" असं विचारत स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या मुली पण. मेसेज फसतात ते बहुतेक एकाच कारणाने, तिथे बोलणं झालेलं असतं दोन वाक्यांचं आणि मेसेज असतो दोन महिन्यांच्या ओळखीचा.

नंबर आहे म्हणजे परवानगी आहे असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक म्हणून आधी. ट्रेकचा व्हॉट्सॲप ग्रुप बनतो तो पिकअप पॉइंट, बस नंबर आणि फोटोच्या लिंकसाठी. त्यातून नंबर उचलून पर्सनल मेसेज केला की समोर वर दिसतं की हा नंबर कॉन्टॅक्टमध्ये नाही, आणि ब्लॉकचं बटण तिथेच हाताशी असतं. एका ट्रेकनंतर असे तीन जणांचे "हाय" आले की चौथा कितीही चांगला असला तरी त्याच रांगेत जातो. आणि लीडरने ग्रुपमध्ये स्पष्ट लिहिलं असेल की कुणाला पर्सनल मेसेज करू नका, तर विषय संपला, करायचा नाही.

मग रस्ता काय? दोघांच्या ओळखीचा मित्र असेल तर त्याला विचारा की "तिला चालेल का विचारशील?" इन्स्टावर ट्रेकच्या पोस्टला दोघं टॅग झाला असाल तर तिथे मेसेज करा, तो रिक्वेस्टमध्ये जातो, तिने उघडायचा की नाही ते तिच्या हातात राहतं. तिसरा रस्ता म्हणजे समोरच्याने स्वतः दार उघडलेलं असणं. सोमवारी-मंगळवारी ग्रुपवर हमखास कुणीतरी लिहितं, "चोरदरवाज्याचे माझे फोटो कुणाकडे असतील तर मला पाठवा प्लीज." तुमच्याकडे खरंच असेल तर तो पाठवणं हे मागितलेलंच काम आहे, आणि त्याच्यासोबत दोन ओळी गेल्या तर त्या खुपत नाहीत. पण फोटो ग्रुप फोटोसारखा किंवा तिला माहीत असताना काढलेला पाहिजे. तिच्या नकळत झूम करून काढलेला फोटो पाठवला तर अख्खा ट्रेकभर आपल्याकडे कुणाचं लक्ष होतं हे तिला त्या क्षणी कळतं आणि ते अजिबात छान वाटत नाही. असा फोटो पाठवू नका, डिलीट करा.

"ओळखलंस का?"

नाही ओळखलं. कसं ओळखणार, ट्रेकवर तुम्ही टोपी आणि पोंचोत होतात आणि डीपीला आहे चुलतभावाच्या लग्नातला शेरवानीतला फोटो. शिवाय फोन लॉक असताना नोटिफिकेशनमध्ये पहिली एक-दोन ओळच दिसते, ती कधी रूममेट बघते, कधी आई. तिथे "हाय डियर, ओळखलंस का" दिसलं तर उत्तर आधी घरी द्यावं लागतं आणि तुम्हाला नंतर, म्हणजे बहुतेक देतच नाहीत. पहिल्या ओळीत तीन गोष्टी हव्यात: नाव, कुठला ट्रेक, आणि तुम्हाला तिथे कशावरून आठवायचं. पोंचोचा रंग, रांगेत मागे कोण होतं, पिठलं-भाकरीच्या वेळी ताकाचा तांब्या कुणी सरकवला, असलं काहीतरी.

इथेच अजून एक गोष्ट, तू की तुम्ही. गडावर जे बोललात तेच मेसेजमध्ये ठेवा. तिथे "तुम्ही आधी जा, मी थांबतो" म्हणालात आणि बुधवारी एकदम "काय करतेस" आलं की ते खटकतं. तिथेच सहज तू-तू झालं असेल तर आता "आपण कशा आहात" नको, त्याने बँकेतून मेसेज आल्यासारखं होतं. "तुम्ही"वरून "तू"वर यायचं असेल तर समोरून तू आल्यावर या, किंवा दोन-चार मेसेज झाल्यावर विचारून घ्या, त्या विचारण्यातही थोडं फ्लर्ट असतंच.

वेळ

रविवारचा ट्रेक असेल तर रविवारी रात्री नको, सगळे दमलेले, ओले बूट पेपरात गुंडाळत असतात. ट्रेकनंतर पाय जास्त दुखतात ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, उताराने मांड्या भरून येतात, आणि मंगळवारी ऑफिसचा जिना उतरताना प्रत्येकाला राजगड आठवतो. फोटोंची लिंक पण तेव्हाच येते. त्यामुळे मंगळवार ते गुरुवार संध्याकाळ बरी, आठ-नऊच्या सुमारास. रात्री साडेअकराला पाठवलेला तोच मेसेज वेगळा वाचला जातो, शब्द कितीही साधे असू देत. पुढचा रविवार गेला की मात्र ती रांग, ते धुकं सगळं मागे पडतं, मग "मागच्या महिन्यात आपण" म्हणून सुरू करावं लागतं आणि मेसेज जड होतो.

तारीफ चुकीच्या गोष्टीची

"पावसात तू खूप सुंदर दिसत होतीस." मुलांना हे रोमँटिक वाटतं, मी समजू शकते, पण ट्रेकवर मुली भिजलेले कपडे, कोण कुठे बघतंय याचा विचार करतच चालत असतात, आणि फारसं न बोललेल्या माणसाकडून हे आलं की नेमकी तीच भीती खरी होते. दिसण्यावर पहिल्या मेसेजमध्ये एक शब्द नको. समोरच्याने काय केलं त्यावर बोला. कुणी घसरणाऱ्या काकांना हात दिला, कुणी नेढ्यात बसून सगळ्यांना चिक्की वाटली, कुणी इंट्रोमध्ये असं काही सांगितलं की बस हसली. यातून तुमचं लक्ष होतं हेही कळतं आणि ते लक्ष चांगल्या गोष्टीकडे होतं हेही.

चिडवायचं असेल तर कोण धापा टाकत होतं, कोण मागे राहिलं, कोण रडकुंडीला आलं यावरून नको. तुम्हाला गंमत वाटते, समोरच्याला ती अख्ख्या ट्रेकमधली सगळ्यात लाजिरवाणी वेळ असू शकते.

एक मेसेज दुरुस्त करूया

एका मुलाने मला दाखवलेला मसुदा, त्याच्या परवानगीने. मुलीने ग्रुपवर फोटो मागितले होते आणि त्याच्याकडे एक होता.

"हाय! कशी आहेस? ट्रेक खूप मस्त झाला ना! खरं सांगू, तुझ्याशी खूप बोलायचं होतं पण हिंमतच झाली नाही, दोन दिवस तुझाच विचार करतोय, तू खूप वेगळी वाटलीस, आपण भेटू शकतो का? पुढच्या शनिवारी नाइट ट्रेक आहे, येशील?"

मुलगा मनापासून बोलतोय, खोटं काही नाही. पण कोण ते कळत नाही, "दोन दिवस तुझाच विचार" याला समोरची काय उत्तर देणार, "वेगळी" म्हणजे काय याचा एकही पुरावा नाही, आणि थेट रात्रीच्या ट्रेकचं आमंत्रण. एका मेसेजमध्ये ओळख, कबुली आणि भेट तिन्ही कोंबलंय. आम्ही बसून त्याचं हे केलं:

"हाय, मी अमुक, रविवारी चोरदरवाज्याच्या रांगेत तुझ्या मागे होतो, निळा पोंचो. तू ग्रुपवर मागितलेला फोटो पाठवतोय. 'डावा पाय खाचेत' म्हणालीस म्हणून मी वर पोचलो, थँक्यू म्हणायला जेवताना शोधत होतो तर तू दुसऱ्या पंगतीत. एक तक्रार आहे, एवढी चांगली गाइड बसमध्ये पार पहिल्या सीटवर का बसते? 🙂"

फ्लर्ट फक्त शेवटच्या वाक्यात आहे, आणि त्यातून नीट कळतं की ह्याला शेजारी बसायला आवडलं असतं. "मला बस लागते म्हणून पुढे बसते" असं साधं उत्तर देता येतं, "मग पुढच्या वेळी सीट धर की" असंही देता येतं, आणि "हाहा, फोटोसाठी थँक्स" म्हणून विषय गोडीत बंदही करता येतो. ही तिसरी वाट मोकळी ठेवणं फार महत्त्वाचं. व्हॉइस नोट नको, अनोळखी नंबरवरून आलेली ती कुणी कानाला लावत नाही. आणि एकदाच उघडणारा फोटो तर नकोच, त्याने संशयच येतो.

उत्तरानंतर होणारे घोळ

निळ्या टिक आल्या आणि उत्तर नाही, तर तिथे थांबा. "?" नको, "बिझी का" नको, तिचे तीन वर्षांपूर्वीचे फोटो लाइक करत बसणं नको, आणि लीडरला "तिला विचार ना" असं तर मुळीच नको, मी ते करत नाही. पुढच्या ट्रेकला भेट झालीच तर साधं हाय करा, मेसेजचा विषय काढू नका.

"वेलकम 🙂" एवढंच आलं तर तो सभ्यपणा आहे, त्यावर इमोजी टाकून सोडून द्या. पण उलटा प्रश्न आला, किंवा तिच्याकडून नवीन काहीतरी आलं, "अरे निळा पोंचो म्हणजे तूच का, तुझी बाटली माझ्याकडे राहिलीय" असं काही, तर तिला बोलायचंय. तेव्हा लगेच अंगावर धावून जाऊ नका, दोन-तीन दिवस गप्पा होऊ देत, उत्तरं तिच्या लांबीची ठेवा. मग भेटायचं विचाराल तेव्हा नाइट ट्रेक किंवा दोघांनीच गडावर वगैरे नको, जिथून मनात आलं की उठून जाता येतं अशी जागा सांगा, दिवसाउजेडी, तासाभराची. "शनिवारी पाचला डेक्कनला चहा, बाटली घेऊन ये, नाही जमलं तर पुढच्या ट्रेकला दे" असं लिहिलं तरी पुरे.