हिरा आणि पेन्सिल दोन्ही कार्बनच, मग फरक कुठं पडतो? उत्तर लिहिताना आणि प्रयोग करताना या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात माझे नववी-दहावीचे क्लास आहेत. दरवर्षी कार्बनचा धडा आला की तपासायच्या वह्यांमध्ये पेन्सिलीतल्या ग्रॅफाईटबद्दल एक वाक्य हमखास सापडतं, ते म्हणजे 'ग्रॅफाईटमधील बंध कमकुवत असल्याने ते मऊ असते.' पोरं सगळी एकमेकांचं बघून लिहितात हे मला माहिती आहे, पण गंमत अशी की मोठी माणसं पण हेच सांगतात, आणि हे वाक्य अर्धंच बरोबर आहे, म्हणजे मार्कांच्या हिशोबात चुकीचंच.

कार्बनच्या अणूला जोडी जमवायला चार इलेक्ट्रॉन असतात, आपण त्यांना चार हात म्हणू. हिऱ्यात हे चारही हात चार शेजाऱ्यांना धरतात, आणि चारी बाजूंना सारख्या कोनात, त्यामुळं वर-खाली-आजूबाजूला सगळीकडून जाळं एकसंध. सरकायला कुठली बाजूच रिकामी नाही. ग्रॅफाईटमध्ये प्रत्येक अणू तिघांनाच धरतो, तेही एकाच सपाटीत, म्हणून षटकोनांचा मोठा पत्रा तयार होतो, आणि चौथा इलेक्ट्रॉन त्या पत्र्यावर मोकळा फिरतो.

आता चूक नेमकी कुठं होते बघा. पत्र्याच्या आतला बंध कमकुवत नाहीच, उलट हिऱ्यातल्या बंधापेक्षा तो आखूड आणि जास्त दणकट आहे. हिऱ्यात दोन अणूंमधलं अंतर ०.१५४ नॅनोमीटर, ग्रॅफाईटच्या पत्र्यात ०.१४२. कमकुवत आहे ते एका पत्र्याचं दुसऱ्या पत्र्याशी असलेलं नातं, तिथं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त, आणि हात कोणीच कोणाचा धरलेला नाही.

हे मी फळ्यावर कितीही वेळा काढलं तरी डोक्यात जात नव्हतं. शेवटी ज्याच्या घरी यंत्रमाग आहेत असा एक पोरगा म्हणाला, "ओ सर, म्हणजे चादरींची थप्पीच की!" लै बरोबर बोलला. आपली सोलापुरी चादर हातानं फाडून दाखवा, उभा-आडवा धागा असा घट्ट असतो की फाटत नाही. पण त्याच चादरींची छातीएवढी थप्पी लावली आणि वरच्या चारपाच ढकलल्या तर सरकून खाली येतात. थप्पी सरकली म्हणून कोणी चादर कच्ची आहे म्हणत नाही. पेन्सिल कागदावर घासता तेव्हा हेच होतं, पापुद्रे सुटून कागदावर बसतात. एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाईटच्या स्फटिकात असे साधारण तीस लाख पत्रे एकावर एक असतात, त्यामुळं एवढी पानं लिहून पण शिसं लवकर संपत नाही. २००४ मध्ये मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीनं ग्रॅफाईट सोलत सोलत एकच पत्रा वेगळा काढला, त्याला ग्राफीन म्हणतात, आणि २०१० चं नोबेल त्यावर मिळालं.

बंध खरंच कमकुवत असते तर ग्रॅफाईट थोड्याशा आचेवर वितळलं असतं. सोनाराकडं जाऊन बघा. दर्शनी काऊंटरला हिऱ्याची अंगठी आणि मागं भट्टीत जी काळी मूस असते ती बऱ्याचदा ग्रॅफाईटची. सोनं १०६४ अंशाला पाणी होतं आणि मूस लालबुंद होऊन तशीच उभी. म्हणून उत्तरात 'बंध कमकुवत' एवढंच लिहू नका, 'थरांमधील आकर्षण कमकुवत' असं लिहा, एका शब्दानं उत्तर सुधारतं.

पत्रे आपोआप सरकतात असं समजणं

ही चूक पोरांची नाही, आमच्यासारख्यांची. मी पण कित्येक वर्षं असंच शिकवत होतो की थरांमध्ये ओढ कमी म्हणून ग्रॅफाईट गुळगुळीत, विषय संपला. संपत नाही.

मिक्सर बंद पडला की रिपेअरवाला म्हणतो "कार्बन गेलेत". ते कार्बन म्हणजे मोटरीत फिरत्या भागाला टेकून करंट देणारे छोटे काळे ठोकळे, ग्रॅफाईटचेच, त्यांना ब्रश म्हणतात. करंट पण जातो आणि घासलं तरी फारसं झिजत नाही, दोन्ही गुण एकाच वस्तूत. दुसऱ्या महायुद्धात विमानं जास्त उंचीवरून उडायला लागली तेव्हा त्यांच्या जनरेटरमधले असेच ब्रश बघता बघता भुगा व्हायला लागले. ग्रॅफाईट तेच, मशीन तेच, फक्त वरची हवा विरळ आणि कोरडी. नंतर समजलं की ग्रॅफाईटला सरकायला हवेतली थोडी वाफ लागते. पत्र्यांच्या कडांना मोकळे राहिलेले हात असतात, ते वाफेच्या रेणूंनी झाकले जातात, आणि वाफ नसली की त्या कडा एकमेकांना आणि समोरच्या धातूला चिकटून ओरबाडतात. म्हणूनच निर्वात जागेत नुसतं ग्रॅफाईट वंगण म्हणून चालत नाही.

आपल्याकडं मे महिन्यात हवा कितीही कोरडी असली तरी एवढी वाफ असतेच, त्यामुळं कुलपात पेन्सिलीचा भुगा टाकायचा उपाय सोलापुरात बिनधास्त करा, काम करतो.

पेन्सिलीतून लाईट लावायचा प्रयोग फसतो तो इथं

चौथा इलेक्ट्रॉन मोकळा म्हणून ग्रॅफाईटमधून वीज जाते, हिऱ्यात चारही अडकलेले म्हणून जात नाही. हे दाखवायला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, लाल एलईडी, दोन क्लिपा आणि दोन्ही टोकं काढलेली पेन्सिल, एवढ्यात काम होतं. पण वर्गात निम्म्या पोरांचा एलईडी लागत नाही आणि मग ते म्हणतात पुस्तकात खोटं आहे.

माझाच किस्सा सांगतो. पहिल्या वर्षी मी घाईत एलईडी, पेन्सिल, बॅटरी थेट जोडलं, एकदा लख्ख पेटला आणि मेला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पेन्सिलीचं शिसं करंट अडवेल असं मी धरून चाललो होतो, पण चांगल्या शिशाचा रोध फार कमी असतो, एलईडी वाचवायला तो पुरत नाही. त्यामुळं मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर घालायचाच. हिशोब सोपा आहे, लाल एलईडी अंदाजे २ व्होल्ट खातो, राहिले ७, सातला ४७० नं भागलं की १५ मिलीअँपिअर, एवढ्यावर एलईडी छान लागतो.

तरी लागला नाही तर आधी एलईडीचे पाय उलटे करून बघा, लांब पाय बॅटरीच्या प्लसकडं हवा. मग क्लिप शिशावर बसली आहे का लाकडावर ते बघा, लाकडाला धरून बसणारे बहाद्दर प्रत्येक बॅचला असतात. तिसरं म्हणजे पेन्सिल कधी पडली होती का ते विचारा, कारण आतल्या आत शिसं तुटलेलं असतं आणि बाहेरून काही कळत नाही, अशी पेन्सिल शार्पनरनं काढताना शिशाचे तुकडे गळतात ती खूण. आणि रंगीत पेन्सिल घेतली असेल तर सोडूनच द्या, त्यात मेण आणि रंग असतो, ग्रॅफाईट नाही.

इथं अजून एक गैरसमज. आपण म्हणतो शिसपेन्सिल, पण तिच्यात शिसं हा धातू नावाला पण नसतो, आणि शंभर टक्के कार्बन पण नसतो. १७९५ मध्ये फ्रान्सच्या काँते यांनी ग्रॅफाईटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजायची पद्धत काढली, तीच आजवर चालू. माती जास्त तर पेन्सिल कडक, एचवाली, आणि माती कमी तर मऊ काळी, बीवाली. माती वीज नेत नाही, म्हणून प्रयोगाला बीवाली घ्या. 'पेन्सिल मऊ का' याचं पूर्ण उत्तर नुसत्या कार्बनवर जात नाही ते यामुळं.

काही पोरं यूट्यूब बघून कागदावर पेन्सिलीची रेघ ओढून तिच्यातून करंट न्यायला बघतात. तिथं गणित बदलतं. रेघेत पत्र्यांचे तुटके तुकडे कसेबसे एकमेकांना टेकलेले असतात, करंट एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो, रोध हजारांत जातो. समजा मल्टिमीटरवर २०,००० ओहम आला, तर सातला वीस हजारानं भागा, ०.३५ मिलीअँपिअर, एलईडी अंधारात दिसेल न दिसेल. लाख ओहम आला तर नादच सोडा. उपाय एकच, रेघ नाही, पट्टा काढा, बोटभर रुंद, ६बी किंवा ८बीनं चकाकेपर्यंत गिरवलेला, आणि क्लिपांमधलं अंतर दोन-तीन सेंटीमीटरच ठेवा. क्लिप जवळ सरकवली की उजेड वाढताना दिसतो. घरच्या प्लगला मात्र पेन्सिल लावायची नाही, हे दरवर्षी सांगावं लागतं म्हणून इथं पण सांगून ठेवतो.

हिऱ्याला काहीच होत नाही ही समजूत

कडक असणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. हिऱ्यावर दुसऱ्या कुठल्याच नेहमीच्या खड्याचा ओरखडा उठत नाही, पण हातोडी मारली तर तुकडे होतात. त्याच्या जाळ्यात काही दिशा अशा आहेत की तिथं कमी बंध तोडून सरळ चीर जाते, पूर्वीचे कारागीर हिरा पाडायला याचाच उपयोग करायचे. खरा-खोटा ओळखायला घरी हातोडी चालवू नका, काचेवर ओरखडा काढून पण बघू नका, काचेवर ओरखडा स्वस्तातल्या बऱ्याच खड्यांचा उठतो.

दुसरी एक चूक उत्तरपत्रिकेतली, 'हिऱ्यातून वीज जात नाही म्हणून उष्णता पण जात नाही.' तांब्यात दोन्ही कामं मोकळे इलेक्ट्रॉन करतात म्हणून पोरं असं धरून चालतात. हिऱ्यात इलेक्ट्रॉन अडकलेले, पण जाळं एवढं ताठ आणि अणू एवढे हलके की एका टोकाचं कंपन झपकन दुसऱ्या टोकाला पोचतं, आणि उष्णता तांब्याच्या जवळपास पाचपट चांगली जाते. सराफाकडं पेनासारखा टेस्टर असतो तो हेच मोजतो, टोक गरम, खड्याला लावलं की गारवा किती पटकन येतो. मॉइसनाईट नावाचा खडा पण उष्णता चांगली नेतो, त्यामुळं साधा टेस्टर त्याला हिरा म्हणून मोकळा होतो, तिथं दुसरी तपासणी लागते.

आणि आच. ओळखीच्या एका सोनारानं अंगठी सांधायला घेतली होती, हिरा काढलाच नाही, आणि बोरिक पावडरचा लेप द्यायचा राहिला. ज्योत जवळून गेली, गार झाल्यावर बघतो तर खडा धुरकट, दुधाळ. त्याला वाटलं काजळी बसली, म्हणून घासत बसला, निघेना. ती काजळी नव्हतीच, हिऱ्याचा वरचा थर हवेतल्या ऑक्सिजननं जाळून नेला होता. साधारण ७००-८०० अंशाच्या पुढं हवेत हिरा जळतो, राख राहत नाही, कार्बन डायऑक्साईड होऊन उडून जातो. १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट यांनी हिरा जाळून हाच वायू मोजला होता आणि तेवढ्याच वजनाच्या कोळशातून तेवढाच निघतो हे दाखवलं, हिरा म्हणजे कार्बनच हे तिथं पक्कं झालं. आपल्या सोनाराचा खडा शेवटी पुन्हा पॉलिशला पाठवला, वजन थोडं कमी होऊन आला, आणि पॉलिशला पण हिऱ्याचीच पावडर लागली.