स्टेबलफोर्ड खेळताय? मग पॉइंट मोजताना या चुका टाळा

रविवारी सकाळी चौघं गोल्फ खेळायला जातात, ठरवतात की आज स्टेबलफोर्ड, आणि 18 होल झाल्यावर चहाच्या टेबलवर वाद सुरू होतो की 34 झाले का 37. हे जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये होतं आणि कारणं त्याच दोन-तीन चुका असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडक्यात फॉरमॅट. प्रत्येक होलला तुमचा नेट स्कोअर, म्हणजे हँडिकॅपचे शॉट वजा करून आलेला, पारशी लावायचा. नेट पार झाला तर 2 पॉइंट, नेट बोगी 1, नेट बर्डी 3, नेट ईगल 4, आणि नेट डबल बोगी किंवा त्याहून वाईट काहीही झालं तर 0. मायनस नाही. सगळ्यात जास्त पॉइंट तो जिंकला. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या इंग्लिश डॉक्टरने ही पद्धत काढली, 1898 मध्ये वेल्समधल्या पेनार्थला एकदा करून बघितली आणि 16 मे 1932 ला लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबवर आजच्या रूपात पहिली स्पर्धा झाली. समुद्रावरचा वारा लागला की साध्या मेंबरचा स्कोअर सुरुवातीच्या होललाच कोसळायचा आणि मग पुढचा सगळा राउंड नुसता ओढायचा, त्यावर हा उपाय होता. एक होल गेला तर तेवढे 2 पॉइंट गेले, बाकीचा राउंड शाबूत.

आता सगळ्यात मोठी चूक. बरेच जण ग्रॉस स्कोअरवर पॉइंट लावतात आणि शेवटी टोटलमध्ये हँडिकॅप मिळवतात. दिसायला सोपं आहे, एकदाच बेरीज करायची, पण उत्तर चुकू शकतं आणि चुकलं की जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. कारण ज्या होलला तुम्ही पूर्ण बुडालात तिथला शॉट खरं तर वाया जायला हवा, आणि या पद्धतीत तो शेवटी परत मिळतो.

एक उदाहरण नीट बघू. समजा एका मेंबरचा हँडिकॅप इंडेक्स 21.4 आहे, आणि तो ज्या टीवरून खेळतोय तिथलं स्लोप रेटिंग 124, कोर्स रेटिंग 70.8, पार 72. मग 21.4 ला 124 ने गुणून 113 ने भागायचं आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवायचं, इथे ते वजा 1.2 आहे. येतात 22.3 च्या आसपास. वैयक्तिक स्टेबलफोर्डला याचे 95 टक्के घेतात, म्हणजे 21. याचा अर्थ प्रत्येक होलला एक शॉट, आणि उरलेले तीन शॉट स्ट्रोक इंडेक्स 1, 2 आणि 3 असलेल्या होलला. त्या तीन होलला त्याला दोन-दोन शॉट.

पहिला होल पार 4, इंडेक्स 7, एक शॉट. त्याने 6 मारले, नेट 5, म्हणजे 1 पॉइंट. दुसरा पार 5, इंडेक्स 3, दोन शॉट, 7 मारले, नेट 5, म्हणजे पूर्ण 2 पॉइंट. तिसरा पार 3, इंडेक्स 17, एक शॉट, बॉल ग्रीनवर आणि दोन पट, 3 मध्ये पार, नेट 2, म्हणजे 3 पॉइंट. चौथा पार 4, इंडेक्स 11, एक शॉट, दोन बॉल पाण्यात गेले आणि त्याने बॉल उचलला, 0. चार होलचे बरोबर पॉइंट 6.

आता तेच चुकीच्या पद्धतीने. ग्रॉसवर पहिल्याला 0, दुसऱ्याला 0, तिसऱ्याला 2, चौथ्याला 0, टोटल 2. त्यात चार होलचे पाच शॉट मिळवले की 7. हा वरचा एक पॉइंट कुठून आला? चौथ्या होलच्या पाण्यातून आला. चार होलमध्ये एक, तर 18 मध्ये तीन-चार सहज होतात, आणि ज्याचा हँडिकॅप मोठा आणि ज्याचे होल जास्त बुडतात त्यालाच जास्त फायदा मिळतो. म्हणून कमी हँडिकॅपवाला दर वेळी हरतो आणि म्हणतो की हा फॉरमॅटच अन्यायाचा आहे, जेव्हा फॉरमॅटचा काही दोष नसतो.

यावर उपाय एकच आणि तो पहिल्या टीवर जायच्या आधी करायचा. स्कोअरकार्डवर स्ट्रोक इंडेक्सचा कॉलम असतो, तो बघून प्रत्येक होलच्या चौकोनात आपल्या शॉटचे ठिपके काढून ठेवायचे, एक शॉट तर एक ठिपका, दोन तर दोन. पाच मिनिटं लागतात. मग होल संपला की हिशोब असा: पार अधिक ठिपके अधिक 2, त्यातून मारलेले शॉट वजा. उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य. वरच्या दुसऱ्या होलला 5 अधिक 2 अधिक 2 म्हणजे 9, वजा 7, राहिले 2. इतकंच. बायकांच्या टीला कार्डवर बऱ्याचदा वेगळी इंडेक्सची ओळ असते, मिक्स ग्रुप असेल तर ठिपके काढताना तेवढं बघा, नाहीतर चुकीच्या होलला शॉट पडतात.

हे ठिपके असले की दुसरी मोठी चूक पण आपोआप सुटते, ती म्हणजे बॉल कधी उचलायचा. पार अधिक ठिपके अधिक 1, हा त्या होलचा शेवटचा कामाचा शॉट. पार 4 ला एक ठिपका असेल तर 6. सहावा शॉट मारला आणि बॉल होलमध्ये नाही, तर पॉइंट संपले, बॉल उचला आणि पुढच्या टीवर चला. सातवा, आठवा, नववा मारत बसायची गरज नाही, मागचा फोरबॉल कमरेवर हात ठेवून उभा असतो.

पण याच्या उलट चूक मला जास्त दिसते, आणि तिचं वाईट जास्त वाटतं, ते म्हणजे फार लवकर उचलणं. ड्राइव्ह आउट ऑफ बाउंड्स गेला की माणूस म्हणतो जाऊ दे, हा होल गेला. कसला गेला? इंडेक्स 1 चा पार 4 आहे, तुमच्याकडे दोन ठिपके आहेत, म्हणजे सातव्या शॉटपर्यंत पॉइंट जिवंत आहे. पेनल्टी धरून टीवरून तिसरा मारलात, चौथा फेअरवेवरून, पाचवा ग्रीनवर, दोन पट, 7. एक पॉइंट. आणि सहामध्ये संपवलात तर दोन, म्हणजे आउट ऑफ बाउंड्स जाऊनही नेट पार. वाईट होल माफ होतो हे खरं, पण म्हणून अर्धवट होल सोडून द्यायचा असं नाही, आणि राउंडमध्ये असे तीन पॉइंट सोडले की तुम्ही शेवटून दुसरे येता.

पटिंगमध्ये पण याचाच विचार करा. पंधरा फुटांचा पट आहे आणि तो तुमचा शेवटचा कामाचा शॉट आहे. गेला तर 1, नाही गेला तर 0, मग दोन फूट पुढे गेला काय आणि सहा फूट पुढे गेला काय, काहीच फरक पडत नाही. अशा वेळी पट शॉर्ट राहता कामा नये, बॉल होलपर्यंत पोचलाच पाहिजे. तोच पंधरा फुटांचा पट 2 पॉइंटसाठी असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे पुढे पळाला तर परतीच्या पटवर 1 पॉइंट पण घालवून बसाल. ग्रीनवर बॉल मार्क करताना आपण नक्की कितव्या शॉटवर आहोत हे माहीत असेल तरच हे जमतं, म्हणून मोजणी पक्की ठेवा, कॅडीवर सोडू नका.

आणि पटचा विषय निघालाच आहे तर, गिमी. "दिला, दिला, उचल" हे मॅच प्लेमध्ये चालतं, स्टेबलफोर्डमध्ये नियमाप्रमाणे पॉइंट हवा असेल तर बॉल होलमध्ये जायलाच हवा, कोणी कोणाला पट देऊ शकत नाही. मित्रामित्रांमध्ये अगदी सहा इंचाचा सोडला तर ठीक, पण तीन फुटांचे पट द्यायला लागलात की प्रत्येक वेळी एक अख्खा पॉइंट फुकट वाटताय, आणि ज्याला दोस्त जास्त तो जिंकतो. सोपा मार्ग म्हणजे ज्या पटवर पॉइंट अवलंबून नाही तो खुशाल उचलू द्या, ज्यावर आहे तो मारायचा.

कार्डवर काय लिहायचं यावरून पण गोंधळ होतो. नुसते पॉइंट लिहू नका. ग्रॉस शॉट लिहा आणि बाजूला पॉइंट, बॉल उचलला असेल तिथे आडवी रेघ. नुसते पॉइंट असतील तर नंतर चूक शोधताच येत नाही, कारण 2 हा पारचा होता का बोगीचा हे कोणाला आठवणार. हँडिकॅपसाठी स्कोअर टाकायचा असेल तरी ग्रॉस लागतोच, आणि बॉल उचललेल्या होलला तिथे सहसा नेट डबल बोगी धरली जाते, म्हणून रेघ बघून आकडा भरता येतो.

फक्त 9 होल खेळणार असाल तर एक अडचण येते. 21 हँडिकॅपचे 21 शॉट नऊ होलवर देऊन टाकणारे आहेत, आणि निम्मे करून साडेदहाचं काय करायचं यावर डोकं धरून बसणारे पण. काहीच करू नका, 18 होलचे ठिपके काढा आणि जे नऊ खेळताय तेवढेच वापरा. फ्रंट नाइनला विषम इंडेक्स असतील तर आपल्या मेंबरला तिथे 11 शॉट मिळतात (प्रत्येकी एक, आणि इंडेक्स 1 आणि 3 ला जास्तीचा), बॅक नाइनला 10. 

टोटल शंका येण्यासारखी आली तर कशी तपासायची? सगळ्या होलला नेट पार केला तर 36 होतात, तो आपला मापदंड. कोणी 44 घेऊन आला तर आधी दोन ठिपक्यांचे होल बघा, बहुतेक वेळा इंडेक्स 1, 2, 3 च्या ऐवजी होल नंबर 1, 2, 3 ला जास्तीचे शॉट दिलेले सापडतात. ते बरोबर असेल तर बघा हँडिकॅप कुठल्या टीचा काढलाय, मागच्या टीवरचा हँडिकॅप घेऊन पुढच्या टीवरून खेळलं की दोन-तीन शॉट फुकटचे येतात. तेही बरोबर असेल तर हँडिकॅप जुना झालाय का ते विचारा. आणि कोणी सलग काही राउंड 24-25 वरच अडकलेला असेल तर त्याच्या कार्डवरच्या रेघा मोजा, आणि त्यातल्या किती होलला शेवटचा कामाचा शॉट बाकी असताना बॉल उचलला ते त्यालाच विचारा.

टाय झाली तर शेवटच्या नऊ होलचे पॉइंट, तेही सारखे असतील तर शेवटचे सहा, मग तीन, मग अठरावा. फक्त हे टी ऑफच्या आधी ठरवा, नंतर नाही.