कोर्टातलं वसुलीचं काम कंपनीच्या अर्जात कसं मांडावं

कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात काही वर्षं काढलेले वकील कागल किंवा शिरोलीच्या कंपनीत लीगलच्या जागेसाठी अर्ज करतात, तेव्हा सीव्हीत एक ओळ हमखास असते: ‘कलम 138 ची अनेक प्रकरणं चालवली, उलटतपास घेतले.’ ती वाचणारा बहुधा फायनान्स किंवा एचआरचा माणूस असतो. त्याला जाणून घ्यायचं असतं की पैसे किती अडकले होते, का अडकले आणि पुन्हा अडकू नयेत म्हणून काय केलं. त्यामुळे फाईल कोर्टात पोचण्याआधी जे घडलं, तिथून लिहायला लागावं.

एक उदाहरण घेऊ. गोकुळ शिरगावातल्या एका मशिनिंग युनिटकडे गिऱ्हाइकाचा 9 लाखांचा चेक आहे. मधल्या काळात त्याच बिलांपोटी 2 लाख आरटीजीएसने आले. चेकवर तशी नोंद न करता तो पूर्ण रकमेचाच भरला आणि परत आला, तर 138 ची तक्रार टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. वकिलाने आधी खातेउतारा मागवला, 7 लाखांचा नवा चेक घ्यायला लावला आणि तोही परत आला. बँकेचा मेमो 3 मार्चला मिळाला, म्हणजे 30 दिवसांत नोटीस जायला हवी. ती 20 ला गेली, 24 ला पोचली. पुढचे 15 दिवस 8 एप्रिलला संपले आणि तक्रारीला 9 मेपर्यंत मुदत उरली.

सीव्हीत हे असं यावं: ‘अभियांत्रिकी पुरवठादाराच्या 7 लाखांच्या थकबाकीची वसुली हाताळली, चेक भरण्यापूर्वी लेखा विभागाने खात्याशी ताळा घालण्याची पद्धत बसवली, नोटीस आणि तक्रारीच्या मुदतींचा तक्ता ठेवला.’ यातला दुसरा भाग सर्वांत मोलाचा आहे, आणि तोच बहुतेक जण गाळतात. पद्धत खरंच बसवली नसेल, नुसता सल्ला दिला असेल, तर ‘सल्ला दिला’ असंच लिहा. मुलाखतीत फायनान्सवाला पहिला प्रश्न तोच विचारतो.

प्रकरणं हरण्याची कारणंही अशीच वापरता येतात. डिलिव्हरी चलनावर माल घेणाऱ्याची सही नसते, किंवा कंपनीविरुद्धच्या तक्रारीत संचालक व्यवसायाचा कारभार पाहत होता हे विधानच नसतं आणि तो सुटतो. पहिल्यातून माल पोचवण्याची कागदपत्रं तपासण्याची यादी निघते. दुसऱ्यातून बाहेरच्या वकिलाने पाठवलेला मसुदा तपासण्याची क्षमता दिसते.

आता बाजू उलटी करून पाहा. पुरवठादारातर्फे सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याखाली तुम्ही दावे केले असतील, तर ज्या कंपनीत अर्ज करताय ती तिथे बहुधा समोरच्या बाकावर असेल. शिरोलीच्या छोट्या फाउंड्रीकडून कास्टिंग घेणाऱ्या कंपनीने परचेस ऑर्डरमध्ये 90 दिवस लिहिले, तरी पात्र नोंदणीकृत पुरवठादाराच्या बाबतीत 45 दिवसांपलीकडची मुदत चालत नाही. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. म्हणून ‘फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे दावे चालवले’ या ओळीला जोड द्या: ‘खरेदी करारातील पैसे देण्याच्या अटी या कायद्याच्या दृष्टीने तपासू शकतो.’ परचेस विभागाला लगेच कळेल की हा माणूस काय वाचवणार आहे.

एक चूक मात्र अर्ज जागीच मारते: ‘मी स्वतः उभा राहून कंपनीची वकिलाची फी वाचवेन.’ बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते आणि तसं राज्य बार कौन्सिलला कळवावं लागतं. कोल्हापुरात ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच असलं, तरी तिथे तुम्ही कंपनीतर्फे युक्तिवाद करणार नाही. त्याऐवजी बाहेरच्या वकिलाला ब्रीफ देणं, त्याच्या फीचा अंदाज तपासणं, कंपनीचा साक्षीदार तयार करणं आणि प्रकरण तडजोडीत मिटवावं का हे आकड्यांत सांगणं, ही कामं लिहा. रुजू झाल्यावर सनदेबाबतची पूर्तता कराल, हे कव्हर लेटरमध्ये एका वाक्यात सांगितलं की पुरे.

पक्षकाराचं नाव कुठेही नको. ‘अभियांत्रिकी पुरवठादार’ एवढं चालतं. पण कोल्हापूरसारख्या गावात उद्योग, रक्कम आणि वर्ष एकत्र आलं की नाव न देताही ओळख पटते. अशा वेळी रक्कम ‘5 ते 10 लाख’ अशी ढोबळ द्या आणि वर्ष गाळा.