संहिता टाइपसेटरकडे पाठवताना या चुका टाळा: शीर्षकं, विशेष चिन्हं आणि आकृत्यांच्या खुणा

वर्डमध्ये संहिता कितीही देखणी सजवली तरी टाइपसेटरकडे पोहोचल्यावर ती सजावट सर्वात आधी पुसली जाते. पुस्तकाचा फॉन्ट, अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर हे सगळं मांडणीच्या फाइलमध्ये आधीच ठरलेलं असतं. मजकूर तिथे ओतला की वर्डमधल्या बोल्डला, अंडरलाइनला, स्पेस मारून मध्यभागी आणलेल्या ओळींना काही अर्थ उरत नाही. पुढचं बरंचसं काम शोधा-आणि-बदला या पद्धतीने होतं आणि ते डोळ्याला काय दिसतं यावर चालत नाही. फाइलमध्ये नेमकं काय टाइप केलंय, यावरच सगळं ठरतं. लेखकांच्या बहुतेक चुका ही एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे होतात.

बोल्ड केलं म्हणजे शीर्षक झालं, असं समजणं

नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. प्रकरणात ‘पाण्याचं शुद्धीकरण’ हे मुख्य शीर्षक १८ पॉइंट बोल्डमध्ये आहे. त्याखाली ‘गाळणं’ १४ पॉइंट बोल्ड. त्याचा पोटभाग ‘वाळूची गाळणी’ १४ पॉइंट बोल्ड आणि वर अंडरलाइन. इथवर ठीक आहे. चार पानांनी ‘उकळणं’ येतं. ते ‘गाळणं’च्या बरोबरीचं आहे, पण लेखकाने त्या दिवशी त्यालाही अंडरलाइन दिली. शिवाय मध्येच एक महत्त्वाचं वाक्य स्वतंत्र ओळीत बोल्ड करून ठेवलंय.

टाइपसेटर विषयाचा जाणकार नसतो आणि तो असावा अशी अपेक्षाही नाही. तो अंडरलाइन बघतो आणि ‘उकळणं’ तिसऱ्या पातळीवर, म्हणजे ‘गाळणं’च्या पोटात टाकतो. अनुक्रमणिका शीर्षकांच्या स्टाइलवरून आपोआप तयार होते. ती पहिल्या दोन पातळ्यांची ठरली असेल तर ‘उकळणं’ तिच्यातून गायब होतं. पानाच्या माथ्यावर विभागाचं नाव येत असेल तर उकळण्याबद्दलच्या पानांवरही ‘गाळणं’च राहतं. आणि ते बोल्ड वाक्य मात्र शीर्षक होऊन अनुक्रमणिकेत जाऊन बसतं. हे लक्षात येतं दुसऱ्या प्रुफाच्या वेळी. तेव्हा पातळी बदलली की शीर्षकाच्या वरची-खालची जागा बदलते, ओळी सरकतात, पानं सरकतात आणि पानांवर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा तपासावं लागतं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक शीर्षकाच्या ओळीच्या सुरुवातीला पातळी लिहा:

```
[H1] पाण्याचं शुद्धीकरण
[H2] गाळणं
[H3] वाळूची गाळणी
[H2] उकळणं
```

इनडिझाइन या पानं मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये टाइपसेटर `Find/Change`च्या `GREP` भागात साधारण असा शोध देतो आणि सापडलेल्या ओळींना त्या पातळीची स्टाइल लावतो. बदलीच्या जागी `$1` दिलं की खूण पुसली जाते आणि शीर्षक राहतं:

```
^\[H2\] (.+)
```

या ओळीकडे नीट बघितलं तर शिस्त कशासाठी हवी ते कळेल. `^` म्हणजे परिच्छेदाची सुरुवात. खुणेआधी चुकून एक स्पेस पडली तरी ती ओळ सापडणार नाही. `[H 2]` सापडणार नाही, `(H2)` सापडणार नाही, कंसानंतर स्पेस राहून गेली तरी सापडणार नाही. ‘साधारण तसंच लिहिलंय, समजून घेतील’ हे इथे चालत नाही. मजकुरात चौकोनी कंस दुसऱ्या कामासाठी वापरले असतील तर खुणेसाठी `@@H2` असं काही निवडा, पण एकच निवडा आणि ते शेवटपर्यंत पाळा.

वर्डच्या `Heading 1`, `Heading 2` या तयार स्टाइल वापरल्या तरी उत्तम. विंडोजवर `Ctrl+Alt+1`, `Ctrl+Alt+2` दाबलं की त्या लागतात आणि `View` मधला `Navigation Pane` उघडला की शीर्षकांचं सगळं झाड एका नजरेत दिसतं. तरी लिहिलेली खूण जास्त भरवशाची, कारण ती कागदावरच्या प्रतीतही दिसते आणि फाइल कुठल्याही प्रोग्रॅममधून गेली तरी टिकते. दोन्ही पद्धतींची सरमिसळ मात्र करू नका.

खुणा करण्याआधी फक्त शीर्षकांची यादी वेगळ्या पानावर उतरवून काढा. `[H1]`नंतर थेट `[H3]` आलं असेल तर ते तिथे लगेच दिसतं. ही अर्ध्या तासाची मेहनत टाळणारे लेखक पुढे प्रुफांवर कितीतरी जास्त वेळ घालवतात.

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम

मराठी संहितेतली ही सर्वात चिवट चूक. ‘दुःख’ लिहिताना विसर्ग सापडला नाही की लोक इंग्रजी कोलन दाबतात आणि ‘दु:ख’ लिहून मोकळे होतात. पडद्यावर दोन ठिपके दिसले, म्हणजे झालं. पण विसर्गाचा युनिकोड क्रमांक `0903` आहे आणि कोलनचा `003A`. संगणकासाठी ही दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘दुःख’ शोधल्यावर ‘दु:ख’ सापडत नाही, शब्दसूचीत एकाच शब्दाच्या दोन नोंदी होतात आणि छपाईत ठिपक्यांची जाडी व अंतर वेगळं दिसतं.

खरा घोटाळा होतो तो दुरुस्तीच्या वेळी. घाईतला माणूस म्हणतो, सगळे कोलन एकदम विसर्गात बदलून टाकू. `Replace All` दाबलं की ‘दुःख’ सुधारतं, पण ‘१०:३०’चं ‘१०ः३०’ होतं, २:३ या गुणोत्तरात विसर्ग घुसतो आणि ‘पुढील साहित्य लागेल:’ या ओळीच्या शेवटी ‘लागेलः’ येतं. मग तो म्हणतो, शब्दाच्या शेवटचे विसर्ग परत कोलन करू. त्याबरोबर ‘स्वतः’, ‘मुख्यतः’, ‘विशेषतः’ हे सगळे शब्द बिघडतात. आता फाइलमध्ये कुठला कोलन लेखकाचा आणि कुठला दुरुस्तीचा, हे सांगायला काहीच शिल्लक राहिलेलं नसतं. मूळ फाइल जपून ठेवली नसेल तर ओळ न ओळ वाचून दुरुस्ती करण्यावाचून इलाज नाही.

म्हणून बदल शब्दाशब्दाने करा. शब्दाच्या मध्ये विसर्ग असलेले शब्द मोजके असतात: दुःख, निःशब्द, अंतःकरण, निःसंशय. त्यांचं पूर्ण रूप देऊन शोधलं तर `Replace All` निर्धास्त चालतं. ‘त:’ने संपणाऱ्या शब्दांसाठी मात्र `Find Next` दाबत एकेक ठिकाण बघा, कारण ‘मुख्यत:’ला विसर्ग हवा आणि ‘ते म्हणतात:’ला कोलनच हवा.

शंका आली तर विंडोजवरच्या वर्डमध्ये कर्सर त्या चिन्हाच्या लगेच पुढे ठेवा आणि `Alt+X` दाबा. चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक दिसेल. बघून झालं की `Ctrl+Z` करा. पुन्हा `Alt+X` दाबून मागे जाऊ नका. आकड्याला लागून असलेल्या कोलनवर तसं केलं तर वर्ड मागचा आकडाही क्रमांकात धरतो आणि भलतंच चिन्ह येतं.

असाच धोका ‘ऱ्य’चा. तो दोन प्रकारे टाइप होतो: एक सरळ ऱ (`0931`) वापरून आणि दुसरा साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक (`200D`) वापरून. दिसायला दोन्ही सारखेच. पण फाइलमधली अदृश्य चिन्हं साफ करताना तो जोडक उडाला की ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. डोंगरांबद्दलच्या वाक्यात समुद्र येतो आणि शब्द बरोबर असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅमही तो पकडत नाही. पहिल्यापासून ऱ वापरा.

वर्डचा `Symbol` फॉन्ट वापरून ग्रीक अक्षरं घालू नका. त्या फॉन्टमध्ये `m`च्या जागी µ दिसतो. फॉन्ट निघून गेला की तिथे रिकामा चौकोन तरी उरतो, नाहीतर साधा m. चौकोन परवडला, कारण तो दिसतो. `5 µg`चं `5 mg` झालं तर मात्रा हजारपट वाढते आणि वाक्य मात्र निर्दोष दिसतं. `00B5` टाइप करून लगेच `Alt+X` दाबा, खरा µ मिळतो. गुणाकारासाठी x नको, × (`00D7`) हवा. अंशासाठी वर चढवलेला शून्य नको, ° (`00B0`) हवा.

संहितेसोबत विशेष चिन्हांची एक यादी जरूर द्या: चिन्ह, त्याचं नाव, क्रमांक आणि ते पहिल्यांदा आलेलं पूर्ण वाक्य. छापलेल्या प्रुफात काही बिघडलं तर टाइपसेटर त्या वाक्यावरून ताडून बघू शकतो.

‘खालील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’

आकृती खाली येईलच याची खात्री नसते. परिच्छेद पानाच्या तळाशी संपला आणि आकृती अर्ध्या पानाची असली तर ती पुढच्या पानाच्या माथ्यावर जाते, मग वाचक खाली शोधत राहतो. मजकुरात नेहमी क्रमांकाने उल्लेख करा आणि ज्या परिच्छेदात पहिला उल्लेख आहे तो संपल्यावर स्वतंत्र ओळीत खूण करा:

```
वाळूचे तीन थर एकावर एक रचतात (आकृती ३.२).
[FIG 3.2]
[CAP] आकृती ३.२ : वाळूच्या गाळणीचे थर
```

उल्लेख आणि खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उल्लेख वाचकासाठी असतो आणि तो छापला जातो. खूण टाइपसेटरसाठी असते आणि ती पुसली जाते. नुसता उल्लेख ठेवला तर आकृती कुठे बसवायची ते कळत नाही. नुसती खूण ठेवली तर आकृती पानावर येते, पण ती कधी बघायची हे वाचकाला कोणी सांगत नाही.

चित्र वर्डमध्ये चिकटवून पाठवू नका, कारण फाइल जतन करताना वर्ड ते दाबून छोटं करू शकतो. मूळ फाइल वेगळी द्या आणि नाव `fig_03_02.tif` असं ठेवा. आकडे दोन अंकी ठेवले की दहावी आकृती यादीत दुसरीच्या आधी येत नाही. छायाचित्र १० सेंमी रुंद छापायचं असेल तर ३०० पीपीआयसाठी, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल मिळण्यासाठी, ते सुमारे ११८० पिक्सेल रुंद हवं. त्यापेक्षा कमी पिक्सेल असलेलं चित्र ताणून मोठं केलं तरी त्यात तपशील वाढत नाही.

आकृती आयत्या वेळी मध्ये घुसवली की क्रमांक बिघडतात. ‘३.२’नंतर नवी आकृती आली तर जुनी ३.३ आता ३.४ होते आणि हे तीन ठिकाणी बदलायला हवं: खुणेत, मथळ्यात आणि प्रत्येक उल्लेखात. बदल शेवटच्या क्रमांकापासून उलटे करत या. आधी ३.५चं ३.६ करा, मग ३.४चं ३.५, मग ३.३चं ३.४. सरळ क्रमाने गेलात तर नुकतंच बदललेलं ३.४ पुढच्या फेरीत ३.५ होऊन बसतं.

पाठवण्याआधी फाइलमध्ये `[FIG` शोधून सगळे क्रमांक एका रकान्यात उतरवा, ‘आकृती’ शोधून मजकुरातले उल्लेख दुसऱ्या रकान्यात आणि फोल्डरमधल्या फाइलींची नावं तिसऱ्यात. तिन्ही रकाने ओळीओळीने जुळले पाहिजेत. एखाद्या ओळीत एक जरी जागा रिकामी दिसली तरी संहिता अजून पाठवायची नाही.