भर दुपारच्या आणि कलत्या उन्हात चेहरा नीट टिपण्यासाठी

उन्हात फोटो काढताना सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा, असे जवळजवळ प्रत्येक घरात सांगितले जाते. समारंभांतले असंख्य फोटो याच सल्ल्याने बिघडतात, असे माझे ठाम मत आहे. सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे बारीक होतात, कपाळाला आठ्या पडतात आणि चेहरा सपाट दिसतो. दुपारी तर हा सल्ला लागूच पडत नाही, कारण त्या वेळी सूर्य पाठीशी नसून डोक्यावर असतो. म्हणून मेमधल्या एका मुंजीचे उदाहरण घेऊन दुपार आणि संध्याकाळ कशी हाताळावी, ते सांगतो.

स्थळ साताऱ्याकडचा एक जुना वाडा, पुढे अंगण आणि अंगणाला लागून ओसरी. मुहूर्त साडेबाराचा. आपल्याकडे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. साताऱ्याच्या रेखांशावर तो मेमध्ये साडेबाराच्या सुमारास येतो, आणि त्या महिन्यात एक दिवस तर उभ्या काठीची सावलीही पडत नाही. अशा वेळी अंगणात उभ्या केलेल्या बटूचे डोळे भुवयांच्या सावलीत बुडतात, नाकाखाली काळा डाग पडतो आणि नुकत्याच केस काढलेल्या डोक्यावर पांढरा ठिपका चमकतो. मग तो ठिपका आणि खांद्यावरचे पांढरे उपरणे यांतला तपशील फोटोत कोरा होतो. सावलीतला अंधार नंतर थोडाफार उजळता येतो; कोरा झालेला भाग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

तेव्हा पहिले काम म्हणजे सावली शोधणे. कोणतीही सावली चालत नाही. आंब्याखालची सावली अनेकांना सुचते, पण पानांतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपी गालावर आणि कपाळावर ठिपके पाडतात आणि पानांचा हिरवा रंग त्वचेवर उतरतो. रंगीत मांडवाच्या कापडाखालीही तोच दोष असतो. लाल छताखाली सगळेच लालसर दिसतात. मला सर्वांत भरवशाची वाटते ती ओसरीची कड. बटूला उन्हाच्या रेषेपासून हातभर आत, अंगणाकडे तोंड करून उभे करावे. डोक्यावर छप्पर असल्याने वरचे ऊन अडते आणि समोरच्या अंगणातला उजेड, विशेषतः जमीन फिकी किंवा समोरची भिंत चुना दिलेली असेल तर, खालून आणि समोरून चेहऱ्यावर येतो. जागा बरोबर आहे की नाही हे फोटो काढण्याआधीच कळते. स्वतःची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरून हळूहळू फिरवावी आणि बोटांमधल्या सावल्या जिथे सर्वांत मऊ दिसतील, तिथे चेहरा वळवावा. माणसाच्या बुबुळात अंगणाचा उजळ पट्टा दिसू लागला की जागा जमली.

आता कोन. फोटो काढणाऱ्याने ओसरीच्या आत जाऊन बाहेरच्या बाजूला रोखू नये. मोकळ्या सावलीतला उजेड थेट उन्हाच्या साधारण आठवा हिस्सा असतो, त्यामुळे मागे ऊन आणि पुढे सावलीतला चेहरा अशी चौकट पकडली तर दोन्ही एकदम नीट येत नाहीत. आपण अंगणात उभे राहावे आणि मागे ओसरीची सावलीतली भिंत येऊ द्यावी.

यानंतरचा टप्पा एक्स्पोजर लॉकचा, म्हणजे फोटो किती उजळ यावा हे एकदा ठरवून बांधून ठेवण्याचा, आणि माझे सर्वाधिक नुकसान इथेच झाले आहे. कॅमेरा चौकटीतला एकूण उजेड मोजतो आणि तो मध्यम करडा यावा अशी खटपट करतो. चेहरा कोणता आणि उपरणे कोणते, हे त्याला नेहमी नीट कळतेच असे नाही. त्यामुळे एका चौकटीत पांढरे कापड जास्त आले की चेहरा काळवंडतो आणि पुढच्या चौकटीत काळी शिसवी दारे आली की चेहरा पांढराफटक होतो. उजेड तसूभरही बदललेला नसताना एकाच माणसाचे दहा फोटो दहा रंगांचे येतात, ते याच कारणाने.

फोनवर उपाय असा. माणसे जागेवर उभी राहिली की पडद्यावर चेहऱ्याच्या गालावर बोट ठेवून एक-दोन सेकंद दाबून धरावे. आयफोनवर `AE/AF LOCK` अशी पिवळी पट्टी दिसते. इतर अनेक फोनांवर कुलपाचे चिन्ह येते. मग शेजारचे सूर्याचे चिन्ह बोटाने किंचित खाली ओढावे आणि नजर चेहऱ्यावर न ठेवता उपरण्यावर ठेवावी. कापडाच्या घड्या आणि काठ दिसू लागले की थांबावे. घाईत लोक उपरण्यावरच बोट दाबतात. मग कापड सुरेख येते आणि चेहरा अंधारात जातो. लॉक गालावरच करायचा, कापड फक्त तपासायला.

लॉक केल्यावर दोन गोष्टी विसरू नयेत. आयफोनवर आणि इतर बऱ्याच फोनांवर उजेडाबरोबर फोकसही बांधला जातो, त्यामुळे तुम्ही दोन पावले पुढे गेलात तर चेहरा पुसट येतो. आणि जागा बदलली की लॉक निरुपयोगी होतो. या मुंजीत ओसरीत लॉक केलेला फोन हातात घेऊन मी भिक्षावळीसाठी तसाच अंगणात उतरलो. उन्हात पडदा नीट दिसत नव्हता, म्हणून मला संशयही आला नाही. आजीने झोळीत भिक्षा घातली तो क्षण मी टिपला आहे, पण त्यात आजीचा चेहरा आणि तिचे पांढरे केस दोन्ही कोरे आहेत आणि तो क्षण परत आला नाही. तेव्हापासून उन्हाची रेषा ओलांडताना पडद्याला एकदा स्पर्श करून लॉक सोडायचा आणि नव्या जागी पुन्हा करायचा, हा माझा नियम आहे.

मोठा कॅमेरा असेल तर कॅननवर `*` खुणेचे आणि निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांवर `AE-L` लिहिलेले बटण हेच काम करते. एकाच सावलीत बराच वेळ थांबायचे असेल तर सरळ `M` वर जावे, म्हणजे उजेडाचे माप कॅमेऱ्यावर न सोडता स्वतःच ठरवावे.

संध्याकाळ तुलनेने सोपी आहे, फक्त वेळ कमी असतो. सूर्य क्षितिजापासून सुमारे सहा अंशांवर आला की उजेड सोनेरी होतो, आणि आपल्या अक्षांशावर तो जवळजवळ सरळ खाली उतरत असल्याने तिथून मावळायला त्याला अर्धा तासही लागत नाही. मेमध्ये साताऱ्याकडे सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. म्हणजे कुटुंबाला साडेसहालाच अंगणात उभे करावे, आणि पश्चिमेला डोंगर असेल तर त्याहूनही आधी, कारण ऊन डोंगराआड लवकर जाते. सूर्य माणसांच्या बाजूला किंवा तिरका मागे ठेवावा. मागे असेल तर तो खांबाआड किंवा कुणाच्या डोक्याआड लपवावा, नाहीतर सगळ्या चौकटीवर धुरकट पांढरेपणा पसरतो. लॉक इथेही गालावर आणि सूर्याचे चिन्ह पुन्हा किंचित खाली, कारण कॅमेरा आपोआप उजळवू लागला की सोनेरी रंग फिका पडतो. फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारा व्हाइट बॅलन्स बदलता येत असेल तर तो आपोआपवर न ठेवता उन्हाच्या चिन्हावर ठेवावा. उजेड झपाट्याने उतरत असतो, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी लॉक सोडून नव्याने करावा. सूर्य गेल्यावरही लगेच माणसांना आत पाठवू नये. पुढची दहा मिनिटे आकाशाचा उजेड इतका मऊ असतो की दुपारी ओसरीच्या कडेवर जो चेहरा मिळवायला एवढी खटपट करावी लागली, तोच आता अंगणाच्या मधोमध उभा करून मिळतो.