सर्च एजंटला थांबायचं कधी, हे रिकाम्या खान्यांवरून ठरवा

सर्च एजंट म्हणजे प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत स्वतःच पुन्हा पुन्हा शोध घेणारा एआय प्रोग्राम. ‘पुरेशी माहिती मिळाली का?’ असं त्यातल्या भाषा मॉडेललाच विचारलं, तर ते फार लवकर ‘हो’ म्हणतं. त्याऐवजी शोध सुरू होण्याआधी प्रश्नाचे खाने पाडून घ्या, म्हणजे उत्तरात कोणकोणते भाग भरायचे ते ठरवा. समजा प्रश्न आहे: हबल दुर्बीण अवकाशात गेली त्या वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल कोणाला मिळालं? खाने दोन: वर्ष आणि विजेते. पहिल्याच शोधात 1990 सापडतं. पुढची दहा पानंही तेच सांगतात आणि ‘नवीन काही मिळत नाही’ म्हणून एजंट थांबतो, दुसरा खाना रिकामा असतानाच! खरं तर 1990 मिळताच त्याने पुढची क्वेरी ‘1990 भौतिकशास्त्र नोबेल’ अशी बदलायला हवी. मग फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर ही नावं मिळतात.

प्रत्येक खान्याला दोन स्वतंत्र स्रोत मिळाले की थांबा. एकाच मजकुराच्या नकला असलेली पानं एकच स्रोत धरा. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. दोन स्रोतांची उत्तरं जुळली नाहीत, तर तो खाना उघडाच ठेवा. क्वेरीचे शब्द खरोखर बदलून दोन-तीनदा शोधूनही खाना रिकामा राहिला, तर एजंटने शोध थांबवून कोणता भाग सापडला नाही ते उत्तरात स्पष्ट लिहावं.