खोड्यात गाईचा मागचा पाय कसा उचलायचा

सिन्नर-निफाडकडे बऱ्याच गोठ्यांत पाइपचा खोडा दिसतो, पण मागच्या पायाचं खूर साळायचं म्हटलं की तो बाजूला ठेवून चार माणसं दोरीनं गाय पाडायला धावतात. बैलाला नाल मारताना नालबंद पाडतो ते सोडा, त्याचा हात बसलेला असतो. गाभण एचएफ आडवी पाडू नका. कुशीवर पडल्यावर पोटातला वायू ढेकरेतून निघत नाही, पोट फुगायला लागतं आणि खुराचं काम राहतं बाजूला. खोडा आहे ना, मग उभ्याउभ्या करा.

खोड्याकडे नेणारी गल्ली आतून २८ इंच पुरते. पाहुणे म्हणतात जरा मोकळी ठेवा, गाईला कोंडल्यासारखं होतं, त्यांचं ऐकलं की गाय मध्येच उलटी फिरते आणि मग तुम्ही आत, ती तुमच्या अंगावर. डांगी किंवा कालवडी असतील तर एका बाजूनं फळी बांधून अजून अरुंद करा. कोबा गुळगुळीत असेल तर आधी रेती टाका. शेपटी पिरगळायची काही गरज नसते, तुम्ही तिच्या खांद्याच्या थोडं मागे, बाहेरच्या बाजूला उभे राहिलात की ती आपोआप पुढे चालते, आणि खांद्याच्या पुढे गेलात की थबकते.

लाळ्या-खुरकूतची लस एवढंच काम असेल तर गल्लीत गाई एकामागे एक भरा, शेवटच्या गाईमागे आडवा दांडा घाला, मानेत सुई, झालं. शिरेतून सलाइन किंवा तोंडातून औषध द्यायचं असेल तेव्हा मान अडकवा आणि मोरकीला कासरा लावून तोंड एका बाजूला बांधा. नुसता वेसणीला कासरा बांधून गाय धरू नका, झटका दिला की नाकपुडी फाटते.

मान अडकवायचे दांडे कान पार झाले की बंद करायचे, खांदा येऊन टेकायच्या आत. घाईत कपाळावर आपटले तर तीच गाय पुढच्या वेळी गल्लीतच शिरत नाही. वेल्डरला ठणकावून सांगा की दोन्ही दांडे सरळ उभे पाहिजेत, छान दिसतात म्हणून वाकवलेले नकोत, कारण गाय खाली बसलीच तर सरळ दांड्यांतून मान खाली सरकते, वाकवलेल्यात गळा आवळतो. मान अडकली की लगेच ढुंगणामागची साखळी.

आता मागचा पाय. मला सगळ्यात उशिरा जमलं ते हेच आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. समजा उजव्या मागच्या पायानं लंगडणारी एचएफ आहे, बाहेरच्या नखीत पू झालाय अशी शंका आहे. मागच्या पायात बहुतेक वेळा बाहेरचीच नखी बिघडते कारण वजन तिच्यावर जास्त येतं.

आधी पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीखाली रुंद पट्टा घ्या, चक्कीचा जुना पट्टा चालतो, दोरी नको, ती रुतते. पट्टा अंगाला नुसता टेकलेला हवा. काहीजण गाय अर्धी लटकेपर्यंत तो ओढतात, मग ती पाय गोळा करून सगळं वजन पट्ट्यावर टाकते आणि तुमचा उद्योग वाढतो.

मग एकाला शेपूट बुडापाशी धरून सरळ वर, पाठीकडे उचलून ठेवायला सांगा. टोकाला धरून उपयोग नाही, मोडते. शेपूट अशी धरली की लाथ पुष्कळ कमी होते, बंद होत नाही हे लक्षात ठेवा. तुम्ही मांडीला खेटून उभे रहा, नाहीतर पार लांब. हातभर अंतरावर लाथ सगळ्यात जोरात बसते, आणि गाईची लाथ फक्त मागे नाही, पुढे आणि बाजूलाही फिरते. सुती, बोटाएवढ्या जाड दोरीचं टोक काठीनं पायामागून काढून घ्या, वाकून हात घालू नका. नायलॉन नकोच, सरकली की तळहात सोलते.

मागच्या पायाला जो टोकदार सांधा असतो त्याच्या वरच्या बाजूला पोत्याचा तुकडा गुंडाळून त्यावर दोरीचे दोन वेढे. इथे मागच्या बाजूला जाड नस असते, उघडी दोरी तिच्यावर काचते. दोरी वरच्या आडव्या पाइपावरून टाकून खाली आणा, खांबाला एक वेढा द्या आणि टोक मदतनिसाच्या हातात. टोक मनगटाला कधीच गुंडाळायचं नाही, बोटं जातात.

इथे लोक जोर लावून ओढतात. तिच्या पायावर वजन असताना तीन माणसांनी ओढला तरी पाय उचलत नाही. त्या बाजूच्या कमरेला खांद्यानं जरा रेटा द्या, ती वजन दुसऱ्या पायावर टाकते, त्याच क्षणी दोरी घ्या. ती झटके देईल. झटके देत असताना दोरी सोडायची नाही आणि अजून वरही ओढायचं नाही, तिथेच धरून ठेवायची. शांत झाली की खुराच्या वरच्या सांध्याला दुसरी दोरी बांधून पाय साखळीखालून सरळ मागे न्या आणि त्याच बाजूच्या मागच्या खांबाला बांधा. खूर दुसऱ्या पायाच्या टोकदार सांध्याच्या उंचीला आलं की बास. तळवा नीट दिसावा म्हणून पाय बाहेरच्या बाजूला ताणू नका, खुबा दुखावतो. तुम्ही वाका.

गाठ एकच, टोक ओढलं की सुटणारी. गाईच्या वजनानं आवळलेली साधी गाठ सुटत नाही, म्हणून धारदार सुरी खोड्यालाच अडकवून ठेवा.

दहा मिनिटांच्या वर पाय वर ठेवायचा नाही. तेवढ्यात तळवा साळून झाला, पू निघाला, पण पट्टी राहिली, तर पाय खाली घ्या, तिला दोन्ही पायांवर उभं राहू द्या, मग पुन्हा. झटके देणं आणि बसकण मारणं यातला फरक मात्र ओळखता आला पाहिजे. झटके देणाऱ्या गाईचा खालचा पाय ताठ असतो. बसायला आलेलीचा तो पाय थरथरतो, ढुंगण जड होतं, मान दांड्यांवर लोंबते, कधी जीभ बाहेर येते. असं दिसलं की अर्ध्या साळलेल्या नखीचा विचार करू नका.

सोडायचा क्रम दोन प्रकारचा आहे आणि तो मदतनिसालाही आधीच पाठ करून द्या. सगळं सुरळीत झालं असेल तर पाय, पट्टा आणि सगळ्यात शेवटी मान. गाय खाली गेली तर उलटं, सगळ्यात आधी मान, लगोलग पाय, मग पट्टा. पाय सोडताना दोरी हळूहळू द्या, एकदम सोडलेला पाय कोब्यावर आपटतो नाहीतर तुमच्या नडगीवर.

सात-आठ महिन्यांची गाभण, नुकतीच व्यायलेली किंवा पोट टम्म भरलेली असेल तर डॉक्टर समोर असल्याशिवाय पाय वर घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये दुपारीही नको, सकाळी धार झाली की घ्या, कास रिकामी असते आणि मागून काम करायला जागाही मिळते.